पगार पटला, पण डेझिग्नेशन खालचं आलंय? ऑफर हातात असताना ते लेखी कसं मागायचं

एप्रिल-मेमध्ये इन्क्रिमेंटची लेटर वाटून झाली की नोकऱ्या बदलायची लाट येते आणि त्या दिवसांत मला ओळखीतून एकच प्रश्न सारखा येतो. ऑफर आलीये, पगार मनासारखा आहे, पण लेटरवर पद बघितलं तर आत्ता आहे तेच, किंवा एक पायरी खालचं. आता हे बोलायचं की गप्प बसायचं? मी बारा वर्षं पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांत भरतीचं काम केलंय, म्हणजे ही ऑफर लेटर काढणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला बसलेय, त्यामुळे आत काय घडतं ते जरा सविस्तर सांगते.

उदाहरण माझ्या मावसभावाचं घेते, त्याला विचारूनच. मूळचा इचलकरंजीचा, बीई मेकॅनिकल, आठ वर्षं अनुभव, भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. डेझिग्नेशन गेली तीन वर्षं सीनियर इंजिनियर. चाकणच्या एका कंपनीकडून ऑफर आली, साडेअकरा लाख सीटीसी, त्याने मागितले होते तेवढेच. पद मात्र परत सीनियर इंजिनियर – क्वालिटी. मला फोन केला आणि म्हणाला, "ताई, पैशाचं जमलंय गं, टायटलचं राहू दे का? उगाच मागायला गेलो आणि आहे ते पण गेलं तर?"

## आधी तीन शब्द वेगळे करू

डेझिग्नेशन म्हणजे लेटरवर, आयकार्डवर आणि पे-स्लिपवर छापलं जाणारं पदाचं नाव. ग्रेड म्हणजे कंपनीच्या आतली पायरी, ती बाहेर कुणाला दिसत नाही, ई३, एम१ असं काहीतरी तिचं नाव असतं. आणि बँड म्हणजे त्या पायरीवरच्या माणसाला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती पगार देता येतो ती मर्यादा.

एसटीचं तिकीट डोळ्यासमोर आणा. सीट नंबर दिसतो ते डेझिग्नेशन. गाडी साधी आहे की शिवनेरी, ती ग्रेड. आणि त्या गाडीचं भाडं किती ते किती असू शकतं, तो बँड. तुम्ही एचआरला "मला असिस्टंट मॅनेजर करा" म्हणता तेव्हा तुम्हाला वाटतं आपण फक्त सीट नंबर बदलून मागतोय, पण बऱ्याच कंपन्यांत ते गाडी बदलून मागणं असतं. एचआर लगेच हो का म्हणत नाही, ते इथेच आहे. पैसे जात नाहीत मग त्यांना काय प्रॉब्लेम, असं लोक विचारतात. तर प्रॉब्लेम हा की त्या जागेची मंजुरीच एका ठराविक ग्रेडवर आलेली असते, ग्रेड बदलायची तर डिपार्टमेंट हेडची आणि वरची सही परत लागते, आणि त्याच डिपार्टमेंटला आठ-नऊ वर्षांचे दोन सीनियर इंजिनियर आधीच बसलेले असतात, ते उद्या विचारतात की बाहेरचा आला तो वर का.

काही कंपन्यांत मात्र नाव आणि ग्रेड बांधलेले नसतात, ग्रेड तीच ठेवून नाव बदलून देतात. म्हणून मागण्याआधी समोरच्या कंपनीत कुठला प्रकार आहे ते कळायला पाहिजे. एचआरला सरळ विचारा की इथे डेझिग्नेशन ग्रेडला जोडलेलं असतं का आणि मला कुठल्या ग्रेडवर घेताय. हा प्रश्न विचारल्याने कुणी रागवत नाही, चांगली एचआर उत्तर देते.

अजून एक, पायऱ्यांचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. उत्पादनाच्या कंपन्यांत साधारण ट्रेनी, इंजिनियर, सीनियर इंजिनियर, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर असं वर जातात. टीसीएसमध्ये असिस्टंट कन्सल्टंट हा आयटी अ‍ॅनालिस्टच्या वर असतो, नुसतं असिस्टंट वाचून कुणाला ते खालचं वाटेल. परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकांत व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे मधल्या फळीतला माणूस. त्यामुळे नाव ऐकून नाराज व्हायच्या आधी त्या कंपनीची शिडी मागून घ्या, म्हणजे माझ्या खाली कोण, वर कोण, आणि वरच्या पायरीला लोक साधारण किती वर्षांनी जातात. कधीकधी कळतं की खालचं वाटणारं पद तिथे बरोबरच आहे, मग विषयच संपला.

## पैसे मिळाले ना, मग टायटलचं काय एवढं?

हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि घरचे पण हेच म्हणतात. याला उत्तर म्हणून भावाचे आकडे घेते, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही.

त्याने विचारल्यावर एचआरने बँड सांगितले (सगळ्या कंपन्या सांगत नाहीत, इथे सांगितले). सीनियर इंजिनियरचा बँड सात ते साडेबारा लाख. असिस्टंट मॅनेजरचा साडेदहा ते सतरा लाख. आता त्याचे साडेअकरा कुठे बसतात बघा, दोन्हीत. खालच्या बँडच्या छताजवळ आणि वरच्या बँडच्या तळाजवळ. हा जो मधला साडेदहा ते साडेबाराचा पट्टा आहे ना, तिथे ऑफर पडली असेल तर तुमची मागणी मान्य व्हायची शक्यता खरी, कारण कंपनीला एक रुपया न वाढवता तुम्हाला वरच्या ग्रेडमध्ये टाकता येतं. तीच ऑफर नऊ लाख ऐंशी हजारांची असती तर वरच्या बँडच्या तळाशी पण पोचत नाही, मग टायटल द्यायचं म्हणजे एचआरला पगार पण सत्तर हजारांनी वाढवावा लागला असता, आणि तिथे बहुतेक वेळा नाही ऐकायला मिळतं.

आता पुढचं बघा. सीनियर इंजिनियर म्हणून साडेअकरावर बसला आणि दर वर्षी आठ टक्के वाढ मिळाली असं धरलं तर पहिल्या वर्षी बारा लाख बेचाळीस हजार, दुसऱ्या वर्षी तेरा लाख एक्केचाळीस व्हायला पाहिजेत, पण बँड तर साडेबाराला संपतो. म्हणजे दुसऱ्याच वर्षी डोकं छताला. अशा वेळी कंपन्या काय करतात, वाढ कमी देतात किंवा पगारात न मिसळता एकरकमी काहीतरी देतात, आणि मॅनेजर सांगतो की आधी प्रमोशन होऊ दे मग बघू. वरच्या ग्रेडला तोच माणूस बसला तर त्याच्यावर सतरापर्यंत मोकळं आभाळ आहे. आजचा पगार सारखाच, पण तीन वर्षांनंतरचा सारखा नाही. टायटल मागणं म्हणजे मान मागणं असं लोकांना वाटतं आणि म्हणून लाज वाटते, पण भावाच्या बाबतीत तो पुढच्या पगाराचा प्रश्न होता आणि मला तो पगाराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरं कारण कागदांच्या साखळीचं. ऑफर लेटरवर जे नाव आलं तेच अपॉइंटमेंट लेटरवर, तेच कंपनीच्या सिस्टीममध्ये, तेच पे-स्लिपवर, आणि सोडताना रिलीव्हिंग लेटरवर. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते, म्हणजे बाहेरच्या एजन्सीमार्फत तुमच्या जुन्या एचआरला विचारते की हा माणूस कधीपासून कधीपर्यंत होता आणि कुठल्या पदावर. बायोडेटात असिस्टंट मॅनेजर आणि तिकडून उत्तर सीनियर इंजिनियर, की रिपोर्टवर तफावत म्हणून शेरा येतो आणि खुलासे देत बसावं लागतं. मी स्वतः अशा फायली हाताळल्यात, माणूस काम खरंच मॅनेजरचं करत होता, खोटं बोलत नव्हता, पण कागद त्याच्या बाजूने नव्हता. नोकरीच्या पोर्टलवर पण सध्याचं डेझिग्नेशन हा वेगळा रकाना असतो आणि भरती करणारे त्या नावावरून शोधतात, असिस्टंट मॅनेजर शोधताना सीनियर इंजिनियरची प्रोफाइल सहसा समोरच येत नाही.

## मागितलं तर ऑफर काढून घेतील का?

भीती खोटी नाहीये, पण ती कशामुळे खरी होते ते समजून घ्यायला पाहिजे, आणि इथे थोडा कायदा कामाला येतो. भारतीय करार कायदा, १८७२ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे तुम्ही होकार पाठवायच्या आधी समोरचा आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो. आणि कलम ७ म्हणतं की होकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे. म्हणजे तुम्ही असं लिहिलंत की "ऑफर मंजूर आहे, पण असिस्टंट मॅनेजर केलं तरच येईन", तर कायद्याच्या नजरेत हा होकार नाही, ही तुमची नवीन उलटी ऑफर झाली, आणि त्यांची आधीची ऑफर त्यामुळे संपल्यात जमा होते. घर भाड्याने बघायला गेल्यावर पंधरा हजार भाडं सांगितलं आणि तुम्ही म्हणालात तेरा असेल तर घेतो, मालक गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात बरं पंधरा देतो, तर तो म्हणू शकतो आता मला द्यायचंच नाही.

याउलट तुम्ही फक्त विचारलंत की हे करता येईल का, आणि बाकी अटींना हरकत नाही असं सांगितलंत, तर ती चौकशी राहते आणि ऑफर जागेवर राहते. सगळा फरक "तरच" या एका शब्दाचा आहे. रोजच्या व्यवहारात कुणी एचआर कायद्याचं पुस्तक उघडून बसत नाही हे खरं, पण माणूस म्हणून पण "तरच" वाचलं की समोरच्याला कळतं की याला यायचं नाहीये, आणि लिस्टमधल्या दुसऱ्या उमेदवाराला फोन जातो.

माझ्या बघण्यात नीट शब्दांत एकदा टायटल विचारलं म्हणून ऑफर गेली असं झालेलं नाही. गेल्या त्या वेगळ्या कारणांनी. एकाने आधी पगार वाढवून घेतला, मग जॉइनिंगची तारीख, मग वर्क फ्रॉम होम आणि सगळ्यात शेवटी टायटल, असे चार वेळा मेल केले, चौथ्याला हायरिंग मॅनेजरच म्हणाला की नको. म्हणून पगार पटला असेल तर तो विषय परत उघडायचा नाही. तुमच्याकडे एकच मागणी उरलीये आणि तिला पैसे लागत नाहीत, तुमची ताकद तीच आहे.

## फोनवर बोललं तर नाही चालणार का?

बोला, जरूर बोला. उलट मी तर सांगते की ज्या साहेबांच्या हाताखाली काम करायचंय त्यांना आधी फोन करा, कारण ग्रेड बदलायची विनंती आतून त्यांनाच टाकावी लागते, एचआर स्वतःहून टाकत नाही. पण फोन झाला की त्याच दिवशी मेल गेला पाहिजे. कारण साधं आहे, मंजुरी फोनवर पुढे सरकत नाही. एचआर तुमचा मेलच वर फॉरवर्ड करते, त्याच्यावर साहेब दोन ओळी लिहितात, त्याच्यावर वरचे होकार देतात. तुम्ही मेल केला नाही तर तुमची बाजू एचआर स्वतःच्या शब्दांत मांडणार, आणि तिच्याकडे त्या आठवड्यात अशा वीस ऑफर असतात, "कँडिडेट टायटल वाढवून मागतोय" एवढंच ती लिहिणार.

तर मेल कसा लिहायचा. भावाने पहिला मसुदा केला होता त्यात लिहिलं होतं की मला आठ वर्षं अनुभव आहे, माझ्या बॅचचे मित्र सगळे असिस्टंट मॅनेजर झालेत, आणि सध्याच्या कंपनीत पण मला पुढच्या वर्षी प्रमोशन मिळणार होतं. यातलं एकही कारण कंपनीच्या कामाचं नाही. मित्रांचं ते ऐकून घेणार नाहीत, पुढच्या वर्षीच्या प्रमोशनचा कागद नाही, आणि आठ वर्षंवाले तर त्यांच्याकडे आधीच दोन आहेत. वरच्या ग्रेडला फक्त एक कारण चालतं, काम वरच्या ग्रेडचं आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, इंटरव्ह्यूत त्यांनी तुला काय काय करावं लागेल सांगितलं ते आठव. मग दुसरा मसुदा झाला. मेल इंग्रजीतच गेला, मजकूर मराठीत देते:

"नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल मनापासून आभार. सीटीसी, जॉइनिंगची तारीख आणि कामाचं ठिकाण याला माझी हरकत नाही आणि मला इथे काम करायची इच्छा आहे. एक विनंती होती. लेटरमध्ये पद सीनियर इंजिनियर – क्वालिटी असं आहे. इंटरव्ह्यूमध्ये सरांनी जे काम सांगितलं त्यात चार इंजिनियर आणि दोन इन्स्पेक्टरची टीम सांभाळणं, ग्राहक कंपनीच्या ऑडिटला आपल्या बाजूने उभं राहणं आणि नवीन पार्टच्या पीपॅप फायलीवर अंतिम सही करणं हे येतं. सध्याच्या कंपनीत ही तिन्ही कामं मी अडीच वर्षं करतोय. हे बघता पद असिस्टंट मॅनेजर – क्वालिटी असं आणि त्या ग्रेडवर करता येईल का? सीटीसी आहे तोच राहिला तरी चालेल. ग्रेड बदलल्याने व्हेरिएबल किंवा नोटीस पिरियड बदलत असेल तर तेही कृपया कळवा. लेटरची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, मंजुरीला वेळ लागणार असेल तर पुढच्या बुधवारपर्यंत मुदत वाढवून मिळावी."

पीपॅप म्हणजे नवीन पार्ट ग्राहकाकडे सुरू करायच्या आधी द्यायची मंजुरीची फाइल, वाहन उद्योगात ती रोजची गोष्ट आहे, आणि तिच्यावर कंपनीतर्फे कोण सही करतं यावरून माणसाची पायरी कळते. तुमच्या कामात असंच काहीतरी असेल, पैशाच्या मंजुरीची मर्यादा, माणसांची संख्या, ग्राहकासमोर शेवटचा शब्द कुणाचा. ते शोधा. "टीमला मार्गदर्शन करतो" असलं वाक्य कुणीही लिहितं, त्याने काही होत नाही.

मेलमध्ये "सीटीसी तोच राहिला तरी चालेल" हे वाक्य घालायला भाऊ तयार नव्हता, म्हणाला की ग्रेड वाढली तर पैसे पण वाढवतील कदाचित. पण हे वाक्य नसेल तर वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की टायटल झालं की हा पगार मागणार. ती शंका काढून टाकली की एचआरला वर पाठवायला सोपं जातं. आणि मुदतीची ओळ विसरू नका, बऱ्याच लेटरवर लिहिलेलं असतं की अमुक तारखेपर्यंत सही नाही आली तर ऑफर रद्द, तुम्ही उत्तराची वाट बघत बसता आणि तारीख निघून जाते.

## उत्तर काय येतं आणि त्यात काय तपासायचं

भावाला दोन दिवसांनी एचआरचा फोन आला की होऊन जाईल, तुम्ही आहे त्या लेटरवर सही करा, जॉइन झाल्यावर सिस्टीममध्ये बदलून देऊ. इथे थांबायचं. एचआर खोटं बोलत असते असं मी म्हणत नाही, मी स्वतः ती खुर्ची सांभाळलीये, बहुतेक वेळा तिला खरंच वाटत असतं की होईल. पण तुम्ही जॉइन झालात की तुमची फाइल तिच्याकडून दुसऱ्या टेबलावर जाते, आणि आत आलेल्या माणसाची ग्रेड बदलणं याला प्रमोशन म्हणतात, त्याची वेगळी सायकल असते, वर्षातून एकदा. बाहेर असताना जे एका सहीचं काम होतं ते आत गेल्यावर वर्षभराचं होतं. तसंच "व्हिजिटिंग कार्डवर छापून घ्या, लेटरवर राहू दे" असंही सांगतात, त्याचा व्हेरिफिकेशनला काही उपयोग नाही.

भावाने उत्तर दिलं की धन्यवाद, सुधारित लेटर आलं की त्याच दिवशी सही करून पाठवतो. एवढंच. चार दिवसांनी नवीन लेटर आलं. असिस्टंट मॅनेजर – क्वालिटी, साडेअकरा लाख, सगळं बरोबर. तो खूश. मी म्हटलं मागचं पान काढ, ब्रेकअप बघ.

जुन्या लेटरमध्ये व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी कामगिरीवर मिळणारा भाग, पाच टक्के होता, साडेसत्तावन्न हजार. नवीन ग्रेडला तो बारा टक्के, एक लाख अडतीस हजार. सीटीसी तोच असल्यामुळे फरक कुठून गेला, फिक्समधून. वर्षाला ८०,५०० म्हणजे महिन्याला साधारण ६,७०० रुपये ठरलेल्या पगारातून कमी. ज्याचा घराचा हप्ता चालू आहे त्याला हे जाणवतं. आणि नोटीस पिरियड साठ दिवसांचा नव्वद झाला होता.

मग हे वाईट झालं का? ते व्हेरिएबल खरंच किती मिळतं यावर आहे. त्याने साहेबांना फोन करून विचारलं की मागच्या दोन वर्षी या ग्रेडला किती टक्के वाटलं, ते म्हणाले पंच्याऐंशीच्या आसपास. त्या हिशोबाने जुन्या लेटरप्रमाणे वर्षाला मिळणारं एकूण ११,४१,३७५ आणि नवीनप्रमाणे ११,२९,३००. म्हणजे खरा तोटा वर्षाला बारा हजार, पण मधले अकरा महिने खिशाला ओढ. हे बारा हजार आणि तीस दिवसांची जास्तीची नोटीस, ही त्या टायटलची किंमत. समोर सतरापर्यंतचा बँड. त्याने घेतलं, आणि मला ते पटलं. तेच व्हेरिएबल जर चाळीस-पन्नास टक्केच वाटलं जात असतं, तर तोटा वर्षाला चाळीस हजारांच्या पुढे गेला असता, आणि मग मी त्याला फिक्स वाढवून मागायला किंवा जुन्या ग्रेडला राहायला सांगितलं असतं.

आणि सरळ नकारच आला तर? तर एकदाच विचारा की सहा किंवा बारा महिन्यांनी या ग्रेडसाठी माझा विचार होईल असं मेलवर लिहून मिळेल का, आणि तेव्हा काय बघितलं जाईल. "विचार होईल" याला हमी समजू नका. पण अप्रेझलला बसताना तो मेल दाखवता येतो, तोंडी शब्द दाखवता येत नाही. त्यापुढे ताणू नका. बाकी पगार, काम, साहेब सगळं चांगलं असेल तर जा.

## मॅनेजर नाव लागलं तर कामगार कायद्याचं संरक्षण जातं का?

हा प्रश्न कारखान्यातले लोक हमखास विचारतात. कोर्ट नावावर जात नाही, खरं काम काय करता ते बघतं. जुना औद्योगिक विवाद कायदा, १९४७ असो की त्याच्या जागी आलेली २०२० ची औद्योगिक संबंध संहिता, मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा माणूस त्यातून बाहेर असतो, आणि देखरेखीचं काम करणारा असेल तर संहितेत महिना १८,००० पगाराची मर्यादा आहे, त्याच्यावर तोही बाहेर. भाऊ सहा माणसांवर देखरेख करणार होता आणि पगार त्याच्या कितीतरी वर, म्हणजे सीनियर इंजिनियर म्हणून गेला असता तरी त्याची परिस्थिती फार वेगळी नसती. नाव बदलून कायदा बदलत नाही, दोन्ही बाजूंनी.

परदेशी जायचा विचार असलेल्यांना पण हेच. कॅनडाच्या पीआरसाठी अनुभव मोजताना पदाच्या नावापेक्षा अनुभवपत्रातली कामं त्यांच्या यादीतल्या कामांशी जुळतात का ते बघतात. तिथे मोठ्या टायटलपेक्षा कामं नीट लिहिलेलं पत्र जास्त उपयोगाचं.

## कुठे मागू नये

सरकारी नोकरी, सरकारी बँका, सार्वजनिक उपक्रम, तिथे पद जाहिरातीतच ठरलेलं असतं, मेल करून ते बदलत नाही. कॅम्पसमधून पूर्ण बॅच एकाच पदावर घेतात तिथे पण नको. आणि जिथे काम खरंच वरच्या ग्रेडचं नाहीये तिथे तर अजिबात नको. छोट्या कंपनीत मागितल्यावर पाच वर्षं अनुभवाच्या माणसाला डेप्युटी जनरल मॅनेजर, म्हणजे डीजीएम, पण करून देतात, मग तो मोठ्या कंपनीत जातो तेव्हा डीजीएमच्या जागेसाठी इंटरव्ह्यूत टीमचा, बजेटचा प्रश्न येतो आणि उत्तर नसतं, आणि खालच्या जागेसाठी त्याला कुणी बोलवत नाही कारण बायोडेटावर डीजीएम लिहिलंय. अशा दोन-तीन जणांशी मी तासभर बोललेय, चांगली हुशार मुलं, आणि परत खाली कसं यायचं हेच त्यांना कळत नव्हतं.

## राजीनामा आणि पहिली पे-स्लिप

सुधारित लेटर हातात येईपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा टाकायचा नाही. भावाने ऑफर आली त्या संध्याकाळीच टाकायचं ठरवलं होतं, नव्वद दिवस लवकर सुरू व्हावेत म्हणून, मी थांबवलं. राजीनामा गेला की समोरच्यांना कळतं की याला आता यावंच लागणार, आणि तुमच्या विनंतीची फाइल खाली सरकते.

जॉइन झाल्यावर आठ दिवसांनी त्याचं आयकार्ड आलं, त्याच्यावर सीनियर इंजिनियर. सिस्टीममध्ये पहिल्या लेटरचा डेटा भरून ठेवला होता, दुसरं लेटर आल्यावर कुणी बदललाच नाही. त्याने त्याच दिवशी सही केलेलं लेटर जोडून एचआरला मेल केला आणि आयकार्डबरोबर ग्रेड आणि पे-स्लिप पण तपासायला सांगितली, कारण आयकार्ड परत छापून देतात पण आतली ग्रेड तीच राहते असं होतं. महिन्याच्या शेवटी त्याने मला पे-स्लिपचा फोटो पाठवला, डेझिग्नेशनच्या रकान्याला गोल करून, आणि खाली एम१.